एकरी ४८ टन की हेक्टरी ८८० क्विंटल, ऊस कुणाचा जास्त?

घणसोलीकर_वाळवा
नमस्कार मंडळी. माझं मूळ गाव वाळवा तालुक्यात, नोकरी ऐरोलीत. शेजारच्या टेबलावर मुझफ्फरनगरचा सहकारी बसतो, त्याच्याही घरी ऊसच. परवा जेवताना विषय निघाला. तो म्हणाला, "हमारे यहाँ हेक्टर में ८८० क्विंटल निकला." आमच्या दादाने यंदा आडसालीचा उतारा एकरी ४८ टन सांगितलाय. आता दोन्ही एका मापात आणायचे कसे?

मी टनाचे क्विंटल केले, ४८० आले. एका हेक्टरात अडीच एकर धरले. भागलं तर १९२ येतात आणि गुणलं तर १२००. ऑफिसातल्या दुसऱ्या एकाने मोबाइलवर करून ११८६ सांगितलं. खरा आकडा कुठला?

विचारण्याचं कारण असं की दादाच्या डोक्यात आडसाली सोडून सुरू लागण करायचं आहे. "उत्तरेत लोक बारा महिन्यांच्या आत ऊस काढतात आणि गहूही घेतात, आपणच दीड वर्ष जमीन अडकवून बसतो," असं त्याचं म्हणणं. त्यामुळे तुलना नीट व्हायला हवी.

नेरुळ_बँकवाला
गुणायचंच. हेक्टर एकरापेक्षा मोठा आहे, म्हणजे त्यात ऊसही जास्तच मावणार. भागून १९२ आले तिथेच शंका यायला हवी होती, कारण एवढ्या उतारात पिकाचा खर्चसुद्धा निघणार नाही.

एक टन म्हणजे १० क्विंटल आणि एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर. दोन्ही मिळून २४.७१. एकरी टनाला २४.७१ ने गुणलं की थेट हेक्टरी क्विंटल मिळतात. ४८ गुणिले २४.७१ बरोबर ११८६. तुमच्या ऑफिसातला माणूस बरोबर आहे. अडीच एकर हा बोलण्यातला हिशेब झाला, कागदावर तो चुकीचाच. कर्जाच्या फाइलीत आम्ही तो चालवून घेत नाही.

उरणचा_आगरी
चांगला धागा. आमचा भात आहे, ऊस नाही, पण माप तेच ना? यंदा एकरी १४ क्विंटल झाला. २४.७१ ने गुणलं तर हेक्टरी ३४६ क्विंटल येतात! एवढा भात आमच्या खाडीकाठच्या जमिनीत तर सोडाच, कुठेच होत नसेल. मग हा आकडा फक्त उसाचा आहे का?

नेरुळ_बँकवाला
दादा, तुमचा भात आधीच क्विंटलमध्ये आहे. २४.७१ मधला दहाचा भाग टनाचे क्विंटल करण्यासाठी असतो, तो तुम्हाला लागतच नाही. फक्त २.४७१ ने गुणा, ३४.६ येतील.

उरणचा_आगरी
हां, ३४ पटतंय. कृषी खात्याची माणसं कापणी प्रयोगाला आली होती तेव्हा असाच काहीतरी आकडा बोलत होती. आभार.

शेतकी_निवृत्त_ठाणे
मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी केली. आता मुलाकडे घोडबंदर रोडला असतो. बँकवाल्यांचा गुणाकार बरोबर आहे, पण घणसोलीकर, त्याआधी मला एक सांगा. तुमच्या दादांनी ४८ हा आकडा कशावरून काढला? काट्याच्या पावत्या समोर ठेवून काढला असेल, तर एकूण वजन किती भरलं आणि ते कशाने भागलं? आणि सातबाऱ्यावर त्या गटाचं क्षेत्र कसं लिहिलंय, ते जसंच्या तसं इथे टाका.

एकरी उतारा हा शिजवलेला आकडा असतो. त्याला पुन्हा शिजवण्याऐवजी कच्च्या मालाकडे जावं, म्हणजे वजनाच्या पावतीकडे आणि क्षेत्राच्या नोंदीकडे.

घणसोलीकर_वाळवा
काका, दादाकडून फोटो मागवले. चार खेपा गेल्या, ट्रॅक्टरच्या. पावत्यांवर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन आहे. निव्वळ असे: १८.२४०, १७.९६५, १८.३१० आणि १७.५००. बेरीज ७२.०१५ टन.

सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र ०.६०.०० आणि पोटखराब ०.०४.०० असं आहे, एकूण ०.६४.००. दादा म्हणतो, "साठ गुंठे म्हणजे दीड एकर, ७२ भागिले दीड, ४८ टन."

शेतकी_निवृत्त_ठाणे
आता उलगडा झाला. सातबाऱ्यावरचे ते ६० म्हणजे गुंठे नाहीत, आर आहेत. आर १०० चौरस मीटरचा. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. गावात सगळेच आराला गुंठा म्हणतात आणि रोजच्या व्यवहारात त्याने काही अडत नाही. पण दादांनी ४० आराचा एक एकर धरला. खरा एकर ४० गुंठ्यांचा, म्हणजे ४०४७ चौरस मीटरचा. दादांचा एकर भरला ४००० चौरस मीटर.

आता गंमत पाहा. १०० आराचा एक हेक्टर आणि दादांचा एकर ४० आराचा. १०० भागिले ४० म्हणजे नेमके अडीच. म्हणून दादांच्या ४८ ला २५ ने गुणणंच बरोबर आहे, उत्तर १२००. त्याला २४.७१ लावलं की उगाच १४ क्विंटल कमी होतात.

पडताळा सोपा आहे. एकर मधे आणूच नका. ७२ टन म्हणजे ७२० क्विंटल, क्षेत्र ०.६० हेक्टर. ७२० भागिले ०.६० बरोबर १२००.

नेरुळ_बँकवाला
काका, हे मला अजून पचत नाही. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, हे काही प्रत्येकाच्या मनावर नाही. त्या हिशेबाने ६००० चौरस मीटर म्हणजे १.४८३ एकर. ७२ टनाला त्याने भागा, एकरी ४८.५६ टन येतात. त्याला २४.७१ ने गुणलं की पुन्हा १२००च. म्हणजे २४.७१ चूक नाही, दादांचा ४८ चूक आहे.

शेतकी_निवृत्त_ठाणे
अगदी बरोबर, आणि दोघांचं म्हणणं एकच आहे. दादांचं एकरी टन थोडं कमी दिसलं, कारण त्यांनी दीड एकर धरला आणि रान होतं दीड एकराला थोडं कमी. ४८.५६ हातात असतं तर मीही २४.७१ च सांगितलं असतं. माझा मुद्दा इतकाच की गावाकडून नुसतं "एकरी इतके टन" आलं, की तो एकर आरावरून आला की फुटाच्या टेपने मोजून आला हे विचारावं. आरावरून आला असेल तर २५, टेपने आला असेल तर २४.७१.

फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा आहे. याहून मोठे घोटाळे पुढे आहेत.

खारघरची_शेतकरीण
काका म्हणतात ते मोठे घोटाळे मी दरवर्षी निस्तरते. यजमान गेल्यापासून कराडजवळची शेती मी इथूनच फोनवर चालवते.

पहिला घोटाळा पोटखराबाचा. घणसोलीकर, तुमच्या गटात ४ आर पोटखराब आहे. तो ओढा असेल, पाणंद असेल किंवा ताल असेल. तिथे ऊस नाही ना? मग ६० ने भागणं बरोबर. पण कुणी सरसकट ६४ ने भागलं तर तोच ऊस हेक्टरी ११२५ क्विंटलवर येतो. एका झटक्यात ७५ क्विंटल गेले. तुमच्या मुझफ्फरनगरवाल्याने कशाने भागलं हे आधी विचारा. उलटही होतं. काही ठिकाणी पोटखराब कधीच सपाट करून त्यात ऊस लावलेला असतो आणि कागद मात्र जुनाच राहतो.

दुसरं म्हणजे बेणं. त्या फडातला ऊस कुणाला बेण्याला दिला होता का? बेण्याचा ऊस काट्यावर जात नाही. त्याचं वजन पावतीत नसतं, पण जमीन मात्र भाजकात तशीच राहते. आमच्याकडे एका वर्षी उतारा पडला म्हणून वाटेकऱ्याला बोलणी बसली होती. नंतर कळलं की एक कोपरा बेण्याला गेला होता.

घणसोलीकर_वाळवा
ताई, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ताच फोन केला. दादा म्हणाला, "हो की, विहिरीकडचा चार गुंठ्याचा तुकडा दहाव्या महिन्यात पाहुण्यांना बेण्याला दिला. पैसे घेतले नाहीत म्हणून ध्यानात राहिलं नाही." क्षेत्र त्याने पावलांनी मोजलंय, पण चारच्या आसपास नक्की.

शेतकी_निवृत्त_ठाणे
मग काट्यावर गेलेला ऊस ५६ आरातला. ७२० भागिले ०.५६ म्हणजे हेक्टरी १२८६ क्विंटल. दादांच्या एकरात सांगायचं तर ५१ टनांच्या थोडं वर.

बघा, गुणाकार २४.७१ चा की २५ चा यावर आपण १४ क्विंटलांसाठी बोलत बसलो, आणि बेण्याच्या एका तुकड्याने ८६ क्विंटल हलवले. बेण्याचा तुकडा पावलांनी मोजलाय, त्यामुळे १२८६ मधला शेवटचा आकडा मनावर घेऊ नका. पावणेतेराशेच्या आसपास म्हणा.

एक अंदाज हाताशी ठेवा. आपल्या राज्याची सरासरी साधारण हेक्टरी ८०० ते ९०० क्विंटलमध्ये फिरते. चांगला आडसाली हजाराच्या पुढे जातो. उत्तर दोनशे किंवा पाच हजार आलं तर कुठेतरी भागायच्या जागी गुणलं, नाहीतर दहाचा घोळ झाला असं समजा.

कोपरखैरणे_पाटण
म्हणजे आपला १२८६ आणि त्यांचा ८८०. आपण जवळजवळ दीडपट! त्या सहकाऱ्याला चहा पाजून सांगा, ऊस पिकवावा तर कृष्णाकाठानेच.

खारघरची_शेतकरीण
थांबा हो. आडसाली किती महिने उभा होता?

घणसोलीकर_वाळवा
जुलैत लागण, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तोड. १७ महिने. त्याला विचारलं, तर त्यांची लागण मार्चमधली आणि तोड पुढच्या फेब्रुवारीत. ११ महिने.

खारघरची_शेतकरीण
तर मग महिन्याने भागा. १२८६ ला १७ ने भागलं तर महिन्याला हेक्टरी साधारण ७६ क्विंटल. ८८० ला ११ ने भागलं तर ८०. म्हणजे त्याचाच ऊस थोडा पुढे आहे. दीडपट उतारा आला तो जास्तीच्या सहा महिन्यांच्या जमिनीचा आणि पाण्याचा आहे. दादांचं म्हणणं वाऱ्यावर उडवून लावण्यासारखं नाही.

नेरुळ_बँकवाला
ताई, महिन्याने भागणं मला पटत नाही. ऊस दर महिन्याला सारखा वाढत नाही. उत्तरेत थंडीत वाढ जवळजवळ थांबते. आणि आपला आडसाली दोन पावसाळे खातो, त्यामुळे १७ महिन्यांतले सगळे महिने सारख्या मोलाचे कसे?

खारघरची_शेतकरीण
वाढ कशी होते हे मी सांगतच नाहीये. जमीन किती महिने अडकली एवढंच मोजतेय. मोकळी झालेली जमीन मला हरभऱ्याला देता येते का, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी महिनेच मोजावे लागतात.

शेतकी_निवृत्त_ठाणे
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मी तुलना एका पिकावर थांबवणार नाही. आडसाली गेला की त्याच खोडक्यांवर खोडवा येतो. त्याला नवं बेणं नको, नांगरट नको, आणि तो बारा महिन्यांत निघतो. मुझफ्फरनगरकडेही खोडवा घेतातच, त्याला ते पेडी म्हणतात. तेव्हा लागण आणि खोडवा मिळून एकूण क्विंटल किती आणि एकूण महिने किती, असा हिशेब करा. दादांना मागच्या खोडव्याच्या पावत्या शोधायला सांगा.

आणि सहकाऱ्याचे ८८० फक्त लागणीचे आहेत की लागण आणि पेडी मिळून सरासरी, हे विचारल्याशिवाय ८० चा आकडा धरूच नका. मिळून सरासरी असेल, तर त्यांची नुसती लागण त्याच्यावर असणार.

घणसोलीकर_वाळवा
काका, त्याने कसं काढलं तेही विचारलं. त्यांच्याकडे ऊस विभागाचा सर्व्हे हेक्टरात असतो. त्यात १.२०० हेक्टर नोंद आहे आणि मिलच्या पर्च्यांची बेरीज १०५६ क्विंटल. भागून ८८०. म्हणजे त्याने एकर मधे आणलाच नाही.

शेतकी_निवृत्त_ठाणे
उत्तम. मग त्याच्या बाजूला गुणाकाराचा घोळ नाही. पण बेण्याचा प्रश्न तिकडेही तसाच आहे, आणि त्यात भर म्हणजे कोल्हू, तिकडचं गुऱ्हाळ. मुझफ्फरनगर ही गुळाची मोठी बाजारपेठ आहे. मिलची पर्ची यायला उशीर झाला, गव्हासाठी रान मोकळं करायचं असलं किंवा रोख पैसे हवे असले, की शेतकरी थोडा ऊस कोल्हूला घालतो. त्याचं वजन मिलच्या पर्चीत येत नाही. १.२०० हेक्टर सगळं, ऊस मात्र मिलला गेला तेवढाच, असं झालं असेल तर ८८० कमी दिसतोय. आपल्या चार गुंठ्यांसारखंच.

कोपरखैरणे_पाटण
बरं, मग पैशाचं काय? केंद्राची एफआरपी क्विंटलवर जाहीर होते. २०२४-२५ ला ३४० रुपये होती ना? तिलाही २४.७१ ने गुणायचं?

नेरुळ_बँकवाला
नाही. तिथे जमिनीचा संबंधच नाही, फक्त वजन आहे. क्विंटलला ३४० म्हणजे टनाला ३४००. आणि तोही १०.२५ टक्के उताऱ्याचा दर. तुमच्या कारखान्याचा उतारा वेगळा असला की रक्कम बदलते.

शेतकी_निवृत्त_ठाणे
यात एक भर घालतो, कारण इथे "उतारा" दोन अर्थांनी फिरतोय. शेतातला उतारा म्हणजे टन. कारखान्याचा उतारा म्हणजे उसातून निघालेली साखर. हेक्टरी क्विंटल समान आले म्हणून पैसे समान आले असं होत नाही. शिवाय आपल्याकडे तोडणी-वाहतूक कारखाना करतो आणि बिलातून कापतो. तिकडे शेतकरी स्वतः तोडून मिलवर किंवा सेंटरवर नेतो, आणि दर राज्य सरकार ठरवतं. पैशाची तुलना करायची असेल तर निराळा धागा काढा, इथे ती मावणार नाही.

उरणचा_आगरी
काका, जाता जाता एक. आमच्याकडे बांध फार. खाचरं लहान लहान. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रात बांध धरलेले असतात का?

शेतकी_निवृत्त_ठाणे
खाचराखाचरातले बांध बहुधा लागवडीयोग्य क्षेत्रातच येतात, पोटखराबात वेगळे दाखवलेले क्वचितच दिसतात. म्हणून लहान खाचरं असली की कागदावरच्या क्षेत्राने काढलेला उतारा प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसतो. किती कमी, हे बांधांची रुंदी टेपने मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन शेतांची तुलना करताना दोन्हीकडे बांध धरा किंवा दोन्हीकडे सोडा. एकीकडे धरून दुसरीकडे सोडू नका.

घणसोलीकर_वाळवा
काका, ताई, बँकवाले दादा, सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंतचं असं. दादाचा आडसाली हेक्टरी पावणेतेराशे क्विंटलच्या आसपास, १७ महिन्यांचा. सहकाऱ्याचा ८८०, ११ महिन्यांचा, पण त्यात पेडी किती, बेणं किती आणि कोल्हूला किती हे बाकी. सोमवारी विचारतो. दादाला मागच्या खोडव्याच्या पावत्या शोधायला लावल्यात. त्या देव्हाऱ्यामागच्या पिशवीत असतात म्हणे.

सुरू लागणीबद्दल मात्र अजून ठरत नाही. ताई, तुम्ही कधी केलीय का?

खारघरची_शेतकरीण
केलीय. उतारा आडसालीपेक्षा कमी येतो हे गृहीत धरूनच करा. पण माझी अडचण उताऱ्याची नव्हती. सुरू जानेवारी-फेब्रुवारीत लावला की कोवळं पीक थेट एप्रिल-मेच्या उन्हात सापडतं, आणि नेमकं तेव्हाच आमच्या विहिरीचं पाणी खाली जातं. आडसालीला तो उन्हाळा लागतो तोवर ऊस अंगाने भरलेला असतो, तोही पाणी मागतोच, पण कोंभ जळायची भीती नसते. दादांच्या विहिरीला मे महिन्यात किती तास मोटर चालते ते विचारून घ्या. ठिबक आहे का तेही.

घणसोलीकर_वाळवा
ठिबक नाही, पाटपाणीच. मोटरचं विचारून सांगतो.